एक गेन वाढवणं आणि पोल हवे तिथे ठेवणं

बजाजनगरात खोली करून राहणाऱ्या एका ज्युनिअरच्या टेबलावर १२ व्होल्टची छोटी मोटर आहे. शाफ्टला पुठ्ठ्याचा काटा चिकटवलेला. मे महिना, कूलरची घरघर, आणि त्याची तक्रार: "दादा, गेन किती बी बदलवला तरी काटा डुलतेच ना!" पोल प्लेसमेंट करतोय, असं त्याचं म्हणणं होतं. तो फक्त एक गेन फिरवत होता.

त्याच्या मोटरचं मॉडेल साधं आहे. θ म्हणजे काट्याचा कोन, u म्हणजे व्होल्टेज:

θ̈ = −2θ̇ + 10u

नुसत्या कोनाचा फीडबॅक दिला, u = −kθ, तर समीकरण होतं s² + 2s + 10k = 0. आता मधल्या 2 कडे बघा. तिथे k नाहीच. पोल म्हणजे या समीकरणाची मुळं, आणि दोन्ही पोलची बेरीज −2 ला खिळलेली आहे. k = 0.1 ला दोघे −1 वर एकत्र येतात, आणि त्यापुढे गेन वाढवला की सरळ वर-खाली पांगतात. डावीकडे तसूभरही सरकत नाहीत, आणि काटा लवकर थांबायला तेच हवं असतं. k = 3.2 ला ते −1 ± j5.57 वर असतात. काटा निम्म्याहून जास्त पुढे झेपावतो आणि स्थिरावायला ४ सेकंद घेतो. गेन आणखी वाढवा, ४ सेकंद तेवढेच राहतात, फक्त थरथर वाढते.

वेगाचाही फीडबॅक घेतला, u = −k₁θ − k₂θ̇, की गोष्ट बदलते:

s² + (2 + 10k₂)s + 10k₁ = 0

आता दोन पोल, दोन मोकळे गेन. मला पोल −4 ± j4 वर हवेत, म्हणजे s² + 8s + 32. सहगुणक जुळवले की k₁ = 3.2, k₂ = 0.6. कोनाचा गेन तोच, पण काटा जेमतेम ४ टक्के पुढे जाऊन सेकंदाभरात थांबतो. मॅटलॅबमध्ये पडताळा:

```
A = [0 1; 0 -2]; B = [0; 10];
K = place(A, B, [-4+4i, -4-4i])
```

हे जमलं की पोरं हमखास लोभात पडतात. त्यानेही लगेच −12 ± j12 मागितले. गणित नाही म्हणत नाही: k₁ = 28.8, k₂ = 2.2. पण काटा एक रेडियन हलवायचा म्हटलं की पहिल्याच क्षणी २८.८ व्होल्ट लागतात, आणि सप्लाय १२ चा. व्होल्टेजचा आलेख १२ वर सपाट झालेला दिसला की समजायचं, तेवढा वेळ फीडबॅक तुटलेलाच आहे आणि पोल फक्त वहीत आहेत.

दुसरी कटकट वेगाची. त्याच्याकडे टॅकोमीटर नाही. पोटेंशिओमीटरच्या कोनावरून तो वेग काढतो, आणि त्यातला खरखराट k₂ ने गुणला जातो. 0.6 ला मोटर गप्प होती, 2.2 ला कूलरच्या आवाजातही तिची गुणगुण ऐकू आली. शेवटी आम्ही −4 ± j4 वरच परतलो.