तक्रार नाही म्हणजे नंबर सुरक्षित?

"अनोळखी नंबर पोर्टलवर टाकून बघा. तक्रार दिसली नाही तर बिनधास्त बोला, माणूस खरा आहे."

असा सल्ला मिळतो, पण तो अर्धवट आहे. cybercrime.gov.in हे सरकारचं सायबर गुन्हे पोर्टल फक्त लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींशी नंबर जुळवतं. फसवणारे सिम सतत बदलतात, त्यामुळे आज सकाळी सुरू झालेल्या सिमवर दुपारी तक्रार सापडणारच नाही. उलटही घडतं. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो आणि जुन्या मालकाचा डाग नव्याच्या माथी लागतो. कॉलर आयडी ॲपमधलं नाव तर इतरांच्या फोनबुकमधून किंवा खुद्द त्या माणसाने भरलेलं असू शकतं. त्याला ओळखपत्र मानू नका.

समजा, कोथरूडमध्ये मेसेज आला: "आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा." cybercrime.gov.in वर Report and Check Suspect मध्ये तो नंबर शोधा. +91 किंवा 0 न लावता दहाच आकडे टाका. नोंद सापडली तर तिथेच थांबा. नाही सापडली तर इतकंच कळलं की अजून कुणी तक्रार केलेली नाही. मग मेसेजमधला नंबर बाजूला ठेवा, छापील बिलावरचा ग्राहक क्रमांक वीज कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये टाका आणि थकबाकी पाहा. खरा निकाल तिथे लागतो.

पैसे गेलेच असतील तर शोधत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते.