एकमेव ॲडमिन ग्रुप सोडून जाणे (व्हॉट्सॲप)

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एकच ॲडमिन असेल आणि तोच ग्रुप सोडून गेला, तर ग्रुप बंद पडत नाही. ॲप उरलेल्या सदस्यांपैकी कोणा एकाला आपोआप ॲडमिन करते. ही निवड कशीही होते. वय, हुद्दा किंवा ग्रुपमधला उत्साह पाहिला जात नाही आणि निवडलेल्या माणसाला आधी विचारलेही जात नाही. ‘सर्वांत आधी आलेला सदस्य ॲडमिन होतो’ किंवा ‘यादीत पहिले नाव असलेला होतो’ असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यावर विसंबून कोणी ग्रुप सोडू नये. सोसायटीच्या ग्रुपचा ताबा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या भाडेकरूकडे जाऊ शकतो. शाळेच्या पालक ग्रुपमध्ये तो कधीच संदेश न वाचणाऱ्या एखाद्या काकांकडेही जाऊ शकतो.

बदल झाल्याचे बाकीच्यांना सहसा कळत नाही. नव्या ॲडमिनच्या चॅटमध्ये तो ॲडमिन झाल्याची एक ओळ उमटते, पण ती त्यालाच दिसते. त्यातच 2022 पासून ग्रुपमधून बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते, त्यामुळे जुना ॲडमिन ‘लेफ्ट’ झाला हेही सर्वांच्या लक्षात येत नाही. खात्री करायची तर ग्रुपच्या नावावर टॅप करून सदस्यांची यादी उघडावी. ज्याच्या नावासमोर ॲडमिनची खूण आहे, तो सध्याचा ॲडमिन. गेल्या 60 दिवसांत बाहेर पडलेल्यांची नावे त्याच पानावर तळाशी पाहता येतात.

निर्माता आणि ॲडमिन

ग्रुप ज्याने तयार केला तो निर्माता. मे 2018 मध्ये व्हॉट्सॲपने दोन बदल केले. एक ॲडमिन दुसऱ्याचे ॲडमिनपद काढून घेऊ लागला, आणि निर्मात्याला त्याच्याच ग्रुपमधून काढून टाकणे बंद झाले. हे संरक्षण निर्माता ग्रुपमध्ये आहे तोवरच असते. तो स्वतः बाहेर पडला की त्याचे नाव ग्रुपच्या माहितीत ‘तयार केला’ या ओळीपुरते उरते. पुन्हा आत आला तर तो साधा सदस्य म्हणूनच येतो आणि ॲडमिनपद त्याला कोणाकडून तरी मागून घ्यावे लागते. ‘मीच काढलाय ग्रुप’ हा दावा तेव्हा तांत्रिकदृष्ट्या काही कामाचा नसतो.

निर्माता गेल्यावर उरलेल्या सर्व ॲडमिनचे हक्क सारखे असतात, त्यांच्यात वरिष्ठ कोणी नसतो. दोघांपैकी एकाने `Dismiss as admin` वापरून दुसऱ्याला खाली उतरवले तर दाद मागायला जागा नाही. म्हणून मोठ्या ग्रुपमध्ये दहा-बारा ॲडमिन नेमण्याची हौस नडते. एकच ॲडमिन ठेवणेही तितकेच धोक्याचे. साधारणपणे दोन किंवा तीन पुरतात, आणि त्यांतला निदान एक रोज फोन पाहणारा असावा.

सोडण्याआधी हस्तांतर

रीतसर पद्धत अर्ध्या मिनिटाची आहे. ग्रुपचे नाव टॅप करून सदस्यांच्या यादीत यावे, ज्याला सूत्रे द्यायची त्याचे नाव दाबून धरावे (आयफोनवर नुसते टॅप करावे) आणि `Make group admin` निवडावे. नावासमोर खूण आलेली पाहूनच `Exit group` करावे. त्याआधी त्या माणसाला विचारलेले बरे. त्याच बैठकीत `Group permissions` उघडून संदेश कोण पाठवू शकतो आणि ग्रुपची माहिती कोण बदलू शकतो हेही तपासावे. या दोन अटी वेगवेगळ्या आहेत, आणि पुढे अडचण आली तर हाच फरक कामी येतो.

हस्तांतर झाले तरी निमंत्रणाची जुनी लिंक चालूच राहते. ती पूर्वी कुठे कुठे पाठवली होती हे जुन्या ॲडमिनलाच ठाऊक असते, म्हणून नव्या ॲडमिनने ती रीसेट केलेली बरी.

एक उदाहरण: सोसायटीचा बंद ग्रुप

समजा, ठाण्यातल्या 96 सदनिकांच्या सोसायटीचा एक सूचना-ग्रुप आहे. त्यात संदेश फक्त ॲडमिनच पाठवू शकतात आणि ॲडमिन एकटे सचिव आहेत. नवी समिती निवडून येते, जुने सचिव रागाने किंवा सुटकेचा श्वास टाकत ‘लेफ्ट’ होतात. दुसऱ्या दिवशी पाणी येणार नाही ही सूचना नव्या सचिवांना टाकायची आहे, पण संदेश लिहायची चौकटच नाही. त्या जागी `Only admins can send messages` एवढेच दिसते.

त्या ओळीतल्या `admins` या शब्दावर टॅप केले की सध्याचा ॲडमिन कोण ते दिसते आणि तिथूनच त्याला खासगी संदेश धाडता येतो. समजा, ॲपने तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना ॲडमिन केले आहे. मग काम सोपे आहे. कोणीतरी घरी जाऊन आजींच्या फोनवरून नव्या सचिवांना आणि आणखी एकाला ॲडमिन करून द्यावे. त्यानंतर आजींना ॲडमिनपद नको असेल तर नवा ॲडमिन ते काढून घेऊ शकतो. हा क्रम उलटा करू नये. आजी वैतागून स्वतःच बाहेर पडल्या, तर ॲप पुन्हा कोणाला तरी निवडेल आणि शोध नव्याने सुरू करावा लागेल.

खरी अडचण तेव्हा येते जेव्हा निवडलेला माणूस घर विकून परदेशी गेलेला असतो आणि फोनही उचलत नाही. व्हॉट्सॲपला लिहून दुसरा ॲडमिन नेमून मिळत नाही, आणि सोसायटीच्या ठरावाची प्रत जोडल्यानेही काही बदलत नाही. बहुमताने ॲडमिन बदलण्याची सोय ॲपमध्ये नाही. अशा वेळी एक वाट उरते. ग्रुपची माहिती बदलण्याचा हक्क सर्व सदस्यांना खुला असेल (नव्या ग्रुपमध्ये तो मुळात खुलाच असतो), तर संदेश बंद असतानाही ग्रुपच्या वर्णनात नव्या ग्रुपची लिंक लिहिता येते आणि नावाच्या जागी ‘हा ग्रुप बंद, वर्णन पाहा’ असे घालता येते. तोही हक्क बंद असेल, तर सदस्यांच्या यादीतले क्रमांक पाहून नवा ग्रुप हाताने उभा करावा लागतो.

नव्या ग्रुपमध्ये सगळेच थेट येत नाहीत. ज्यांनी आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल यावर मर्यादा घातली आहे, त्यांना खासगी निमंत्रण जाते आणि ते 72 तासांत स्वीकारले नाही तर बाद होते. ज्येष्ठ सदस्य नेमके इथेच सुटतात. त्यासाठी लिंकचा क्यूआर कोड छापून लिफ्टजवळच्या फलकावर लावणे हा खात्रीचा उपाय, पण दोन आठवड्यांनी लिंक रीसेट करावी, नाहीतर फलक वाचणारा कोणीही आत येतो. जुन्या ग्रुपमधले फोटो आणि कागद आपोआप सोबत येत नाहीत, लागतील तेवढे आधीच पुढे पाठवून ठेवावेत.

ॲडमिन गेला नाही, पण पोहोचतही नाही

फोन हरवणे, क्रमांक बदलणे आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगांत लोक आपोआप निवड होण्याची वाट पाहत बसतात. ती होत नाही, कारण ॲपच्या दृष्टीने ॲडमिन अजून ग्रुपमध्येच आहे. तो फक्त गप्प आहे.

फोन बिघडला पण व्हॉट्सॲप लॅपटॉपवर जोडलेले असेल, तर तिथूनही दुसऱ्याला ॲडमिन करता येते. मात्र मुख्य फोन 14 दिवसांहून जास्त वापरात नसेल तर जोडलेली साधने लॉगआउट होतात, तेव्हा हे काम लगेच उरकावे. त्याच क्रमांकाचे सिम परत मिळाले तर नव्या फोनवर नोंदणी केल्यावर जुने संदेश बॅकअपशिवाय येत नाहीत, ग्रुप आणि ॲडमिनपद मात्र परत मिळते. टू-स्टेप पिन लावलेला असेल, तो आठवत नसेल आणि ईमेलही जोडलेला नसेल, तर 7 दिवस थांबावे लागते. क्रमांक बदलायचा असेल तर ॲपमधल्या `Change number` मधूनच बदलावा, म्हणजे ग्रुप नव्या क्रमांकावर येतात. नवे सिम घालून नवे खाते उघडले की जुना क्रमांक ग्रुपमध्ये ॲडमिन म्हणून तसाच राहतो आणि माणूस मात्र बाहेर असतो. एकमेव ॲडमिन ‘हरवण्यामागे’ बरेचदा हेच कारण निघते.

ॲडमिनचे निधन झाले असेल तर घरच्यांकडे सिम चालू असताना वरचाच मार्ग वापरता येतो. त्यांना तशी विनंती करायला संकोच वाटतो हे खरे, पण सिम बंद झाल्यावर हा मार्ग उरत नाही. कोणीच काही केले नाही तर 120 दिवस न वापरलेले खाते व्हॉट्सॲप सहसा काढून टाकते, आणि खात्याबरोबर ग्रुपमधले सदस्यत्वही जाते.

नको असताना मिळालेले ॲडमिनपद

अचानक ॲडमिन झालेल्यांची पहिली भीती पोलिसांची असते, कोणी काही आक्षेपार्ह टाकले तर आपल्याला धरतील ही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटले की, ॲडमिनचा अधिकार सदस्य घेण्या-काढण्यापुरता मर्यादित आहे, आणि समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. याचा अर्थ ॲडमिनने स्वतः टाकलेल्या किंवा ठरवून पसरवलेल्या मजकुराला सूट आहे, असा नव्हे. त्याच वर्षानंतर, 2022 मध्ये, ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी हटवण्याची सोय मिळाली, त्यामुळे त्याचे अधिकार निकालातल्या वर्णनाहून थोडे वाढले आहेत.

इतर ॲपमध्ये

सिग्नलमध्ये एकमेव ॲडमिनला नवा ॲडमिन निवडल्याशिवाय ग्रुप सोडताच येत नाही. ही रीत व्हॉट्सॲपपेक्षा उघडच शहाणपणाची आहे. टेलिग्राममध्ये मालक आणि ॲडमिन वेगळे असतात. मालकी दुसऱ्याला देता येते, पण त्यासाठी टू-स्टेप पडताळणी निदान 7 दिवस आधीपासून चालू असावी लागते आणि ज्या फोनवरून हस्तांतर करायचे त्यावर लॉगिन होऊन 24 तास उलटलेले असावे लागतात. चोरलेल्या खात्यातून घाईघाईने ग्रुप पळवता येऊ नये म्हणून ही अट आहे, पण निघायच्या दिवशीच मालकी द्यायला बसलेला माणूसही तिच्यात अडकतो.