एककांची नावे व चिन्हे : लहान आणि कॅपिटल अक्षरांचा नियम

शास्त्रज्ञाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या एककाचे पूर्ण नाव रोमन लिपीत लहान अक्षराने सुरू होते, पण त्याच एककाच्या चिन्हाचे पहिले अक्षर कॅपिटल असते. बलाचे एकक `newton` असे लिहितात आणि त्याचे चिन्ह `N`. दाबाचे एकक `pascal`, चिन्ह `Pa`. वरवर पाहता हे उलटे वाटते, कारण व्यक्तीचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू करायचे असे शाळेत शिकवलेले असते. परंतु नाव आणि चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव भाषेच्या व्याकरणात बसते, तर चिन्ह समीकरणात. त्यामुळे दोघांना लागू होणारे नियमही वेगळे आहेत.

आयझॅक न्यूटन ही एक व्यक्ती होती. `newton` हे बलाचे ठरावीक माप आहे आणि ते पाच, पन्नास किंवा अर्धे असू शकते. ज्याची मोजणी होते, ज्याचे अनेकवचन होते, ते विशेषनाम राहत नाही. म्हणून इंग्रजीत एककाचे नाव मीटर किंवा सेकंद या शब्दांप्रमाणेच सामान्यनाम म्हणून लिहितात. वाक्याच्या सुरुवातीला किंवा सर्व अक्षरे कॅपिटल असलेल्या मथळ्यात आले तरच त्याचे पहिले अक्षर मोठे होते. काही नावे तर मूळ व्यक्तीपासून रूपानेही दूर गेली आहेत. व्होल्टाचे `volt` झाले आणि फॅरडेचे `farad`. हा नियम मात्र भाषेनुसार बदलतो. जर्मनमध्ये सगळीच नामे कॅपिटल अक्षराने सुरू होतात, त्यामुळे तिथे `Newton` हेच बरोबर. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्याने मराठीत नावापुरता हा प्रश्न उद्भवत नाही. चिन्हे मात्र सर्व भाषांत सारखीच राहतात.

तापमानाच्या एककांत हा नियम फार चांगला दिसतो. पूर्वी निरपेक्ष तापमान ‘अंश केल्व्हिन’मध्ये सांगत आणि चिन्ह `°K` असे. १९६७-६८च्या वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने ‘अंश’ काढून टाकला. एकक नुसते `kelvin` झाले आणि चिन्ह `K`. ‘अंश केल्व्हिन’मध्ये ‘अंश’ हे नाम होते आणि केल्व्हिन हे त्याचे विशेषण, म्हणजे व्यक्तीचेच नाव. अंश गेल्यावर केल्व्हिन स्वतःच एककाचे नाव झाले आणि त्याचे पहिले अक्षर लहान झाले. सेल्सिअसच्या वाट्याला हा बदल आला नाही. `degree Celsius` मध्ये एककाचे नाव `degree` पासून सुरू होते, म्हणून `d` लहान, आणि `Celsius` अजूनही विशेषनाम, म्हणून `C` मोठा. अपवाद म्हणून पाठ करायला लावतात ते हे उदाहरण खरे तर नियमालाच धरून आहे.

चिन्हांचा नियम याच परिषदेने १९४८मध्ये ठरावात आणला. चिन्हे सरळ रोमन अक्षरांत आणि साधारणपणे लहान लिपीत छापावीत, विशेषनामावरून आली असतील तर कॅपिटल वापरावे आणि चिन्हापुढे पूर्णविराम देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. शेवटची अट महत्त्वाची आहे. चिन्ह हे नावाचे लघुरूप नसून बीजगणितातील अक्षराप्रमाणे गुणता-भागता येणारी खूण आहे. म्हणून त्याचे अनेकवचनही होत नाही. दोन अक्षरांच्या चिन्हात फक्त पहिले अक्षर मोठे असते. `Pa` म्हणजे पास्कल, पण `PA` वाचले तर ते पेटाअँपिअर होते.

या नियमाचा व्यावहारिक फायदा अक्षरांच्या टंचाईत दिसतो. रोमन लिपीत सव्वीसच अक्षरे आहेत आणि त्यांतच एकके व उपसर्ग दोन्ही बसवायचे आहेत. लहान-मोठा भेद पाळला की एकाच अक्षराला दोन कामे देता येतात: `h` तास, `H` हेन्री, `t` टन, `T` टेस्ला, `k` किलो, `K` केल्व्हिन.

सर्वांत बोलके उदाहरण सेकंद आणि सीमेन्सचे आहे. विद्युत्-वाहकतेचे एकक असलेले सीमेन्स हे नाव १९७१मध्ये स्वीकारले गेले. समजा, १ किलोओहमचा रोधक १ मायक्रोफॅरड धारित्राला जोडला आहे. रोध आणि धारकता यांचा गुणाकार म्हणजे या मंडलाचा कालस्थिरांक:

```
1 kΩ × 1 µF = 1 ms
1 / (1 kΩ)  = 1 mS
```

पहिल्या ओळीत उत्तर एक मिलिसेकंद आहे. दुसऱ्या ओळीत त्याच रोधकाची वाहकता काढली, तर ती एक मिलिसीमेन्स येते. आकडा तोच, उपसर्ग तोच, अक्षरही तेच. एक उत्तर वेळ आहे आणि दुसरे वाहकता, एवढे सांगायला शेवटच्या अक्षराच्या आकाराखेरीज कागदावर काहीच नाही.

हा भेद वापरता येत नसेल तर काय करावे लागते, हे संगणकासाठी केलेल्या यूकम या एकक-संकेतप्रणालीत दिसते. तिच्यात एक पर्याय अक्षरांचा आकार न पाहणाऱ्या यंत्रणांसाठी आहे. तिथे `S` सेकंदाला देऊन सीमेन्सला `SIE` लिहावे लागते, पास्कलला `PAL`, आणि मिलिसाठी `M` गेल्यामुळे मेगा `MA` होतो. माहिती तेवढीच ठेवायची तर अक्षरे वाढवावी लागतात.

खरा अपवाद एकच आणि तो लिटरचा. लिटर कोणा व्यक्तीचे नाव नाही, त्यामुळे चिन्ह `l`. पण अनेक टंकांत ते `1` या अंकासारखे दिसते. म्हणून १९७९मध्ये `L` लाही मान्यता मिळाली आणि आज दोन्ही चालतात. कॅपिटलला कोणी माणूस लागतो, ही सवय इतकी पक्की होती की १९७८मध्ये, म्हणजे मान्यतेच्या आदल्याच वर्षी, केनेथ वूलनर यांनी रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठीच्या एका कॅनडियन पत्रिकेत गंमत म्हणून क्लोद लिटर नावाच्या शास्त्रज्ञाचे काल्पनिक चरित्र लिहिले, आणि काहींनी ते खरे मानले.

चुका दोन प्रकारच्या होतात आणि त्या सारख्याच घातक नाहीत. `Kg` किंवा `KW` ही लेखनातली सर्रास चूक आहे. `K` केल्व्हिनचे असल्याने ते अशुद्धच, पण वाचणाऱ्याचा गोंधळ क्वचित होतो, कारण मोठ्या `K` ने सुरू होणारा दुसरा दशमान उपसर्गच नाही. `m` आणि `M` चे तसे नाही. मिलिवॅट आणि मेगावॅट यांत १०⁹ पटींचा फरक आहे आणि दोन्ही वाचने व्याकरणदृष्ट्या शुद्ध असल्याने चूक उघड दिसत नाही. वेबपानावरील मथळे `text-transform: uppercase` ने मोठ्या अक्षरांत दाखवले, तर मूळ मजकुरातला `5 mW` पडद्यावर `5 MW` होतो. अशा वेळी खात्री करण्याचा मार्ग म्हणजे संख्या त्या वस्तूला शोभते का ते पाहणे. हातातल्या लेसर निर्देशकापुढे ५ मेगावॅट दिसले, तर दोष लेखकाचा नसून मांडणीचा असण्याची शक्यता जास्त.