परदेशी पाठवलेले पैसे वेळेत पोहोचले नाहीत तर काय करावं

बँकेच्या ॲपवर ‘यशस्वी’ दिसलं की पैसे तुमच्या खात्यातून निघाले, इतकंच कळतं. समोरच्याच्या खात्यात ते जमा झाले की नाही, हे त्यावरून समजत नाही. स्विफ्टमार्गे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, जाणारी रक्कम बऱ्याचदा एक-दोन मध्यस्थ बँकांतून पुढे सरकते आणि यातली कोणतीही बँक ती अडवून ठेवू शकते.

आधी मुदत नीट मोजा. बँकेच्या कटऑफनंतर, म्हणजे त्या दिवसाचे आदेश घेण्याची वेळ संपल्यावर, दिलेला आदेश पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा धरला जातो. सुट्ट्या दोन्ही देशांच्या धराव्या लागतात, आणि सगळीकडे शनिवार-रविवारच सुट्टी असते असं नाही.

मुदत उलटली असेल, तर पाठवणाऱ्याने आपल्या बँकेकडून स्विफ्ट कॉपी, म्हणजे बँकेने पुढे पाठवलेल्या संदेशाची प्रत, मागून घ्यावी. तिच्यात UETR नावाचा क्रमांक असतो: अंक, अक्षरं आणि मधले डॅश धरून ३६ चिन्हांचा. MT103 या जुन्या संदेश-नमुन्यात तो 121 या रकान्यात सापडतो. हा क्रमांक पहिल्या बँकेपासून शेवटच्या बँकेपर्यंत बदलत नाही. ॲपवरचा व्यवहार क्रमांक मात्र तुमच्याच बँकेपुरता असतो. तो समोरच्या बँकेला सांगून उपयोग नाही. कॉपी हातात आली की पैसे घेणाऱ्याचं नाव आणि खाते क्रमांक एकेक अक्षर ताडून बघा.

मग बँकेला विचारा, ‘या UETR वर शेवटची नोंद कोणती आहे आणि ती कोणत्या बँकेने केली?’ ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढ्यावर फोन ठेवू नका.

समजा, गुरुवारी संध्याकाळी कटऑफनंतर पैसे पाठवले. व्यवहार शुक्रवारचा धरला गेला. बुधवार उजाडला तरी जमा नाहीत. बँक सांगते, शेवटची नोंद ACSP/G003, समोरच्या बँकेची. म्हणजे पैसे तिथवर पोहोचलेत, पण घेणाऱ्याकडून कागद हवा आहे. इथे पाठवणाऱ्याने रोज तगादा लावून काही हलत नाही. घेणाऱ्याने UETR आणि बिलाची प्रत घेऊन स्वतःच्या बँकेला गाठायचं. नोंद ACCC असेल, तर रक्कम जमा झाली आहे. घेणाऱ्याला खात्याचा उतारा पुन्हा बघायला सांगा, कारण वाटेतलं शुल्क कापून आकडा कमी झालेला असतो आणि तो नजरेतून सुटतो. RJCT असेल, तर व्यवहार नाकारला गेला. कारण विचारा आणि पैसे परत येण्याची वाट बघा.

घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, ही आमची कळकळीची विनंती. पहिली रक्कम नंतर जमा झाली, तर ती परत मागवण्यासाठी साधारणपणे घेणाऱ्याची संमती लागते आणि परत येतानाही शुल्क कापलं जाऊ शकतं. व्यवहार रद्दच करायचा असेल, तर रक्कम जमा होण्याआधी बँकेला लेखी कळवा. तरीही पैसे परत मिळतीलच, अशी हमी पाठवणारी बँक देऊ शकत नाही.

आमच्याकडे येताना स्विफ्ट कॉपी, बिल आणि बँकेचं लेखी उत्तर सोबत आणा.