व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणातील गुणगुणाट व पार्श्वआवाज कमी करणे

व्याख्यानाच्या चित्रफितीचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करताना, चित्राला हात न लावता, तिच्या ध्वनीतील विजेचा गुणगुणाट आणि पंख्यासारखा संथ पार्श्वआवाज फिल्टरांच्या साहाय्याने दाबण्याची ही पद्धत आहे. हे काम `ffmpeg` या मुक्त आज्ञावलीने एकाच आज्ञेत करता येते आणि या नोंदीतील सर्व उदाहरणे तिचीच आहेत. गुणगुणाट आणि पार्श्वआवाज यांचा उल्लेख नेहमी जोडीने होतो, पण ध्वनी म्हणून त्यांची जात वेगळी असल्यामुळे त्यांचे उपायही वेगळे आहेत. दोन्हींसाठी एकच जोरकस फिल्टर लावला की आवाज स्वच्छ होण्याऐवजी बोलणे बिघडते.

गुणगुणाट विजेच्या पुरवठ्यातून येतो. प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता बहुतेक देशांत 50 हर्ट्झ आणि काही देशांत 60 हर्ट्झ असते. मायक्रोफोनची तार नीट आच्छादित नसेल, किंवा मिक्सर व संगणक वेगवेगळ्या मार्गांनी भूसंपर्कित झाल्यामुळे त्यांच्यात वर्तुळ तयार झाले असेल, तर ही वारंवारता ध्वनिमुद्रणात उतरते. ती एकटी येत नाही. तिच्या पटीतले सूर, म्हणजे 100, 150, 200, 250 हर्ट्झ असे हार्मोनिक, तिच्यासोबत असतात. कानाला जी ‘घूंऽऽ’ जाणवते ती बहुधा या वरच्या सुरांचीच असते, कारण लॅपटॉपचा किंवा फोनचा लहान स्पीकर 50 हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नाही. पंख्याचा किंवा प्रोजेक्टरचा आवाज याउलट वारंवारतेच्या सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो. त्यातला एखादा सूर नेमका पकडून काढून टाकता येत नाही.

कोणताही फिल्टर निवडण्याआधी व्याख्याता गप्प असलेला चार-पाच सेकंदांचा तुकडा शोधावा लागतो. तो बहुधा सुरुवातीलाच, बोलणे सुरू होण्यापूर्वी, सापडतो. पुढील आज्ञा त्या तुकड्याचे वारंवारता-चित्र तयार करते आणि त्यात फक्त 1000 हर्ट्झपर्यंतचा भाग दाखवते.

```
ffmpeg -ss 4 -t 5 -i vyakhyan.mp4 -lavfi showspectrumpic=s=1024x2048:stop=1000 chitra.png
```

चित्रात सारख्या अंतरावर आडव्या, ठळक, न हलणाऱ्या रेषा दिसल्या तर तो गुणगुणाट होय. किती रेषा ठळक आहेत हे मोजून ठेवावे, कारण तेवढेच सूर काढायचे असतात. रेषांच्या मागचा धूसर पट्टा हा पंख्याचा आवाज असतो. त्याच तुकड्याची पातळी `volumedetect` या फिल्टरने मोजता येते. तो `mean_volume` या नावाने सरासरी डेसिबल दाखवतो.

गुणगुणाटावर सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे `highpass=f=80`, म्हणजे 80 हर्ट्झखालचे सारे दाबणे. हा उपाय योग्य आहे, पण त्याच्याकडून नको तेवढी अपेक्षा केली जाते. या फिल्टरचा उतार मूळ मांडणीत दर सप्तकाला 12 डेसिबल आहे. त्यामुळे 50 हर्ट्झचा सूर सुमारे 9 डेसिबलच खाली जातो, आणि 150 हर्ट्झच्या सुराला तर अर्ध्या डेसिबलचाही धक्का बसत नाही. फिल्टर लावूनही घूं तशीच राहिली अशी तक्रार येते तिचे कारण हेच आहे. सीमा 200 हर्ट्झपर्यंत वर नेली तर घूं नक्कीच कमी होते, पण पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असल्यामुळे त्या आवाजाचा भरीवपणा जातो आणि व्याख्याता टेलिफोनवरून बोलत असल्यासारखा वाटतो.

म्हणून सुरांसाठी `bandreject` हा खाच पाडणारा फिल्टर वापरतात. तो ठरावीक वारंवारतेभोवतीची अरुंद पट्टी काढतो आणि बाकीचा ध्वनी जवळजवळ जसाच्या तसा पुढे जाऊ देतो. येथे खाचेची रुंदी कशी सांगायची हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. विजेची वारंवारता अगदी 50.0 वर स्थिर नसते. ती किंचित खाली-वर होते. ती 49.8 झाली असे धरले तर मूळ सूर खाचेच्या मध्यापासून 0.2 हर्ट्झ सरकतो, पण सहावा सूर 300 ऐवजी 298.8 वर जातो, म्हणजे 1.2 हर्ट्झ सरकतो. सगळ्या खाचा सारख्याच 4 हर्ट्झ रुंद ठेवल्या तर 50 हर्ट्झचा सूर सुमारे 20 डेसिबल दाबला जातो आणि 300 हर्ट्झचा जेमतेम 6 डेसिबल. वरचे सूरच अधिक ऐकू येत असल्यामुळे सगळी मेहनत वाया जाते. रुंदी हर्ट्झमध्ये न सांगता `t=q` या पर्यायाने गुणोत्तरात सांगितली, उदाहरणार्थ `w=12`, तर प्रत्येक खाच आपल्या वारंवारतेच्या बाराव्या भागाइतकी रुंद होते आणि सर्व सूर सारख्याच प्रमाणात दबतात. वर जाताना मात्र खाचा रुंद होत जातात व बोलण्याचा थोडा अंश त्यांत सापडतो, म्हणून चित्रात ठळक दिसलेल्या सुरांपुढे खाचा पाडू नयेत. अंदाजाने वीस खाचा पाडणाऱ्याला घूं गेल्याचे समाधान मिळते, पण आवाज पोकळ झाल्याचे त्याला दुसऱ्या दिवशी कळते.

गुणगुणाट गेल्यावर उरलेल्या पसरट आवाजासाठी `afftdn` वापरतात. हा फिल्टर ध्वनीचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकाचे वारंवारतांत विघटन करतो आणि ज्या वारंवारतेत ध्वनी पार्श्वआवाजाच्या पातळीजवळ असेल तिथे तो खाली ओढतो. या घराण्यातील पद्धतींना स्टीव्हन बोल यांच्या 1979 मधील वर्णपट-वजाबाकीवरील शोधनिबंधापासून ठळक चालना मिळाली. फिल्टरचे दोन पर्याय पुरेसे असतात. `nf` म्हणजे पार्श्वआवाजाची पातळी आणि `nr` म्हणजे तो किती डेसिबलने कमी करायचा. काहीच न सांगितल्यास त्यांची मूल्ये -50 आणि 12 असतात.

एक उदाहरण घेऊ. शांत तुकड्याची सरासरी -38 डेसिबल आणि बोलण्याची -21 डेसिबल भरली. चित्रात 50, 100, 150 आणि 250 हर्ट्झच्या रेषा ठळक होत्या. `highpass` आणि चार खाचा लावून तोच तुकडा पुन्हा मोजला, तेव्हा तो -47 वर आला. म्हणजे आधीच्या आवाजात मोठा वाटा गुणगुणाटाचा होता आणि -47 हा आता निव्वळ पंखा आहे. हीच संख्या `nf` साठी सुरुवातीचे मूल्य म्हणून घ्यायची. मापन खाचा पाडण्याआधी केले असते तर -38 हे मूल्य गेले असते आणि फिल्टरने हळू बोललेली वाक्येही पार्श्वआवाज समजून दाबली असती. पूर्ण आज्ञा अशी होते.

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -c:v copy -af "highpass=f=80,bandreject=f=50:t=q:w=12,bandreject=f=100:t=q:w=12,bandreject=f=150:t=q:w=12,bandreject=f=250:t=q:w=12,afftdn=nr=10:nf=-47" -c:a aac -b:a 128k vyakhyan2.mp4
```

यातील `-c:v copy` मुळे चित्राचे पुन्हा संकेतन होत नाही, त्यामुळे त्याची प्रत घसरत नाही आणि तासाभराच्या व्याख्यानाचे काम लवकर उरकते. ध्वनीला मात्र `copy` चालत नाही, कारण फिल्टर लावायचा तर ध्वनी उलगडून पुन्हा संकेतित करावाच लागतो. तसे न केल्यास `Filtering and streamcopy cannot be used together` असा संदेश येऊन काम थांबते. फलित WebM मध्ये हवे असेल तर त्यात AAC बसत नाही. तिथे `-c:a libopus` लिहावे लागते, आणि चित्राचे संकेतनही त्या स्वरूपात चालणारे असावे लागते. प्रत्येक नवा प्रयत्न मूळ फाइलवरूनच करावा. आधीच्या फलितावर पुन्हा फिल्टर लावला तर दोन संकेतनांचे नुकसान साठत जाते.

`nr` चे मूल्य वाढवण्याचा मोह आवरणे हा या कामातील सर्वांत अवघड भाग आहे. ते 25-30 वर नेले की विरामात पूर्ण शांतता येते, पण शब्दांच्या कडेला पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा किणकिणता आवाज उमटतो. त्याहून वाईट गोष्ट व्यंजनांची होते. स, श आणि ख, छ, फ यांतील श्वासाचा भाग स्वतःच पसरट आवाजासारखा असतो, त्यामुळे फिल्टरला तो पंख्यापासून वेगळा ओळखता येत नाही. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू आले तर गणिताच्या व्याख्यानात तो साधा दोष राहत नाही. हे तपासण्याचा नेमका मार्ग फिल्टरमध्येच आहे. `afftdn` ला `om=n` हा पर्याय जोडला की तो स्वच्छ केलेला ध्वनी न देता काढून टाकलेला आवाज तेवढा देतो. व्याख्याता बोलत असतानाचा अर्धा मिनिट अशा रीतीने हेडफोनवर ऐकावा. त्यात नुसती सरसर ऐकू आली तर मूल्य योग्य आहे. शब्द ओळखू येऊ लागले तर `nr` कमी करावे किंवा `nf` आणखी खाली न्यावे. मागे हलकी, एकसारखी सरसर राहिलेले व्याख्यान तासभर सहज ऐकता येते, पण शब्दागणिक पोत बदलणाऱ्या आवाजाने कान दहा मिनिटांत थकतो.

ध्वनीची पातळी वाढवायची असेल तर ती साखळीच्या शेवटी वाढवावी. पातळी ठरावीक मापाला आणणारा `loudnorm` हा फिल्टर आधी लावला तर तो विरामातला पंखाही वर उचलतो आणि मोजलेले `nf` निरुपयोगी ठरते. हा फिल्टर एकाच फेरीत वापरला असता ध्वनीचा नमुनादर 192 किलोहर्ट्झपर्यंत वाढवतो, म्हणून आज्ञेत `-ar 48000` लिहून तो परत खाली आणावा.

खोकला, खुर्ची सरकणे, बाहेरून जाणारे वाहन हे आवाज क्षणोक्षणी बदलतात, त्यामुळे स्थिर पातळी गृहीत धरणारा `afftdn` त्यांच्यावर चालत नाही. रिकाम्या सभागृहातला घुमार हा व्याख्यात्याचाच उशिरा परतलेला आवाज असतो आणि तोही येथे निघत नाही. मुद्रणाच्या वेळी मायक्रोफोन जवळ आणण्याने जे साधते त्याची बरोबरी नंतरचे फिल्टर करू शकत नाहीत. बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे झाले की त्याचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, तर पंखा तेवढाच राहतो. मायक्रोफोन 60 सेंटिमीटरवरून 15 सेंटिमीटरवर आणला तर 12 डेसिबल मिळतात, म्हणजे वरच्या आज्ञेतील `afftdn` देतो त्याहून अधिक, आणि तेही एकाही ‘स’चा बळी न देता.