सर्वांत उंच शिखर म्हणजे ‘सा’ नव्हे

काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची नुसती खरजाची तार छेडली, फोनवर टिपली आणि त्या तुकड्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे याचा आलेख, संगणकावरच्या प्रोग्रामने काढला, तर बहुतेक वेळा सर्वांत उंच शिखर ६९ हर्ट्झवर दिसत नाही. ते ३४६ च्या आसपास दिसतं. कर्सर तिथे नेला की खिडकीत `Peak: 346 Hz (F4)` असं काहीतरी येतं, आणि शिकाऊ माणूस ‘पट्टी पांढरी चार’ असं लिहून मोकळा होतो. कान मात्र स्वच्छ काळी एकचा खरज ऐकत असतो.

हा गोंधळ प्रोग्रामचा नाही, ‘प्रमुख’ या शब्दाचा आहे, आणि तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

कोणताही आवर्ती आवाज साध्या लहरींच्या बेरजेत मांडता येतो, हे गणित १८२० च्या दशकात छापून आलं. पुढे १८४० च्या दशकात दोन जर्मन भौतिकशास्त्रज्ञांचं त्यावरून वाजलं. एकाचं म्हणणं असं, की कान हीच फोड करतो आणि मूळ वारंवारतेची लहर आवाजात हजर असेल तरच ती उच्चनीचता ऐकू येते. दुसऱ्याने भोकांच्या फिरत्या चकतीतून हवा सोडून आवाज काढला होता. मूळ लहर अगदी क्षीण असतानाही त्याला तोच खालचा स्वर ठळक ऐकू येत होता. प्रयोग दुसऱ्याकडे होता, पण बाजी पहिल्याने मारली. १८६३ साली आलेल्या एका वजनदार ग्रंथाने त्याची बाजू उचलून धरली आणि ‘शिखर म्हणजे स्वर’ ही समजूत पक्की होऊन बसली. माझ्या मते तो निकाल घाईचा होता. १९४० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये मूळ लहर मुद्दाम काढून टाकलेले आवाज लोकांना ऐकवले, तेव्हा हरलेल्या माणसाचं म्हणणं पुन्हा उभं राहिलं.

तंबोरा हे याचं घरगुती उदाहरण. जवारी साधलेल्या घोडीवर तार रुंद, किंचित बाकदार पृष्ठभागाला घासत कंप पावते, म्हणून तिची ताकद वरच्या उपस्वरांत, म्हणजे मुळाच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतेच्या लहरींत, वाटली जाते. १९२१ साली कोलकात्यातून छापलेल्या एका निबंधात नोंद आहे, की पुस्तकी नियमाप्रमाणे जो उपस्वर उठायलाच नको, तोही या घोडीमुळे ऐकू येतो. खरज ६९.३ हर्ट्झ धरला तर पाचवा उपस्वर ३४६.५ वर येतो. गवयी ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. पेटीच्या पांढरी चारपेक्षा तो जेमतेम १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका, उतरलेला असतो, म्हणून प्रोग्राम बिनदिक्कत `F4` म्हणतो. शिवाय फोनचा माईक खालचे आवाज कमी टिपतो, त्यामुळे ६९ चं शिखर आणखी बुटकं दिसतं.

मग वाचायचं कसं? उंची सोडून शिखरांमधलं अंतर बघायचं. २७७, ३४६.५, ४१६, ४८५ अशी रांग दिसली तर प्रत्येक टप्पा सुमारे ६९ चा आहे. सातव्या शिखराच्या ४८५.१ ला ७ ने भागलं की ६९.३ मिळतात. वरचं शिखर घेऊन भागल्याने चूकही तितक्या पटीने लहान होते.

ही रांग मोजता येणं मात्र अलीकडचं. १९६५ साली झटपट फोड करण्याची रीत प्रसिद्ध झाली. आवाजाच्या ४०९६ नमुन्यांना जिथे पावणेदोन कोटींच्या आसपास गुणाकार लागत, तिथे काम पन्नासेक हजारांवर आलं. पण सेकंदाला ४४,१०० नमुने टिपणाऱ्या मुद्रणात ४०९६ नमुने घेतले तर स्पेक्ट्रमच्या दोन घरांमधलं अंतर १०.८ हर्ट्झ पडतं, आणि मध्य सप्तकातल्या पांढरी एक व काळी एकमध्ये फरक आहे फक्त ७.८ चा. प्रोग्राममधलं `Size`, म्हणजे एका वेळी घ्यायच्या नमुन्यांची संख्या, ६५५३६ केलं की घर ०.६७ हर्ट्झवर येतं. त्यासाठी दीड सेकंद तार एकटी वाजत राहायला हवी. तंबोऱ्यात नेमकं तेच मिळत नाही, पुढची तार आधीच छेडली जाते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस यावर आणखी एक युक्ती निघाली: स्पेक्ट्रम दोन पट, तीन पट आक्रसून एकमेकांशी गुणायचा, म्हणजे सगळी शिखरं मुळावर येऊन जुळतात. गळ्याच्या एकट्या आवाजाला ती छान लागू पडते. चारही तारा एकत्र वाजत असतील तर पंचमाची तार १०३.९ ची आणि खरज ६९.३ चा, दोघांना सामावणारं मूळ ३४.६५ वर निघतं. तेव्हा प्रोग्रामने ३५ च्या जवळचा आकडा दाखवला, तर मुद्रण बिघडलं असं समजू नये. तुकडा एका तारेपुरता कापून पुन्हा बघावं.