फोन, इंटरनेट व इंधन खर्चाची भरपाई (पगारपत्रकातील करआकारणी)

कामासाठी झालेला फोन, इंटरनेट किंवा इंधनाचा खर्च मालकाने बिल घेऊन परत देणे म्हणजे भरपाई. तीच रक्कम बिल न मागता दरमहा ठरावीक दिली तर तो भत्ता होतो. फोनचा असा भत्ता पूर्ण करपात्र असतो. पगारपत्रकात दोन्ही शेजारी छापले जातात, त्यामुळे फरक सहज नजरेतून सुटतो.

येथील आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाचे व नव्या करप्रणालीचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू असल्याने पुढचे आकडे त्याच्या नियमांत पाहावेत.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीचे विक्री व्यवस्थापक घेऊ. मूळ वेतन 60,000, घरभाडे भत्ता 24,000 आणि विशेष भत्ता 36,000, म्हणजे महिन्याला 1,20,000 रुपये. शिवाय बिलांवर मोबाइलचे 700, घरच्या ब्रॉडबँडचे 800 आणि स्वतःच्या मोटारीच्या पेट्रोलचे 6,000 मिळतात.

मोबाइलच्या भरपाईवर कर नाही. नियमात उल्लेख टेलिफोन व मोबाइलचा आहे, ब्रॉडबँडचा नाही. म्हणून ब्रॉडबँडचे बिल कर्मचाऱ्याच्या नावावर असावे आणि घरून काम करावे लागते याची कंपनीकडे नोंद असावी. येथे ते 800 रुपये कामाचाच खर्च म्हणून करमुक्त धरले आहेत.

खरा पेच पेट्रोलचा. मोटार कामाला आणि घरालाही वापरली जाते. इंजिन 1.6 लिटरपर्यंतचे असेल तर महिन्याला 1,800 रुपये वजा होतात (दुचाकीला 900). उरलेले 4,200 करपात्र. वर्षाचे करपात्र वेतन 75,000 च्या प्रमाणित वजावटीनंतर 14,15,400 होते. उपकरासह कर 96,002, म्हणजे महिन्याला सुमारे 8,000 रुपये कपात. भविष्यनिर्वाह निधीचे 7,200 आणि कर्नाटकचा व्यवसाय कर 200 वजा जाता हातात 1,12,100 येतात.

आता कंपनीने प्रवासाची नोंदवही ठेवली असे समजू. तारीख, ठिकाण (निपाणी, कोल्हापूर, हुबळी), किलोमीटर व खर्च, सोबत तो कामाचाच असल्याचा कंपनीचा दाखला. 6,000 पैकी 4,500 कामाचे ठरले, तर करपात्र फक्त 1,500 उरतात, कपात 7,579 वर येते आणि दरमहा 421 रुपये वाचतात. पंप महाराष्ट्रातला असो वा कर्नाटकातला, बिल चालते. मात्र चंदगडहून रोज बेळगावला कामाला येणाऱ्याचा घर ते कचेरी हा प्रवास खाजगीच धरला जातो, तो या वहीत घालता येत नाही.

पगार 12,75,000 च्या आत असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर सवलतीमुळे नव्या प्रणालीत कर शून्यच होतो. त्यांना ही वही करासाठी लागत नाही. बाकीच्यांनी बिले दर महिन्याला द्यावीत. वर्षअखेर पुरावा नसला की आधी करमुक्त धरलेली रक्कम पगारात मिसळते आणि सगळी कपात मार्चच्या एकाच पगारावर येते.